‘न्यूक्लिअर’ हेक्साग्राम: गाभा की मधला टप्पा?

भागीदारी कशी चालेल, असं आय चिंग या प्राचीन चिनी शकुनग्रंथाला विचारलं की कौलात पडलेल्या हेक्साग्रामच्या, म्हणजे सहा अखंड किंवा तुटक रेषांच्या आकृतीच्या, आतून दुसरा, ‘न्यूक्लिअर’ हेक्साग्राम काढायचा आणि त्यात नात्याचं ‘खरं रूप’ पाहायचं, ही पद्धत आज इतकी रुळली आहे की ती ग्रंथाइतकीच जुनी वाटते. तशी ती नाही. आतल्या रेषा वाचण्याची चाल जुनी आहे. पण तिला गाभ्याचा अर्थ बऱ्याच नंतर चिकटला.

सगळ्यात जुना पुरावा म्हणून दाखवतात तो एका प्राचीन चिनी इतिवृत्तात इ.स.पू. 672 च्या नोंदीत येतो. चेन राज्यातल्या एका राजपुत्रासाठी लावलेल्या कौलात 64 पैकी हेक्साग्राम 20 पडला आणि एक रेषा उलटून त्याचा 12 झाला. अर्थ सांगणारा ‘पर्वत’ म्हणतो. प्रत्येक हेक्साग्राम तीन-तीन रेषांच्या दोन ट्रायग्रामचा असतो आणि प्रत्येक ट्रायग्रामला निसर्गातलं एक नाव असतं. पण 20 मध्ये वारा आणि पृथ्वी, 12 मध्ये आकाश आणि पृथ्वी. पर्वत आला कुठून? तिसऱ्या शतकातल्या एका टीकाकाराने उत्तर दिलं की 12 च्या खालून दुसऱ्या ते चौथ्या रेषेत पर्वताचा ट्रायग्राम दिसतो. हिशेब बरोबर जुळतो. मात्र मूळ मजकुरात ही रीत कुठे सांगितलेली नाही, म्हणून वाद कायम आहे. शिवाय इथे फक्त एक ट्रायग्राम आहे, दोन जोडून तयार केलेला आख्खा हेक्साग्राम नाही.

चीनमधल्या हान राजवटीच्या काळातल्या पंडितांनी ही युक्ती भरपूर वापरली. ग्रंथातल्या एखाद्या शब्दाला दिसणाऱ्या दोन ट्रायग्राममध्ये आधार सापडला नाही की आतल्या दोनांत शोधायचा. तिसऱ्या शतकात एका तरुण भाष्यकाराने याची खिल्ली उडवली: आतले ट्रायग्राम पुरले नाहीत की हे लोक हेक्साग्रामच बदलू लागतात. त्याची तक्रार रास्त होती. शोधणाऱ्याला हवं ते सापडेल इतक्या जागा झाल्या की सापडण्याला किंमत राहत नाही.

आता शब्दाचा गुंता. चिनी नाव ‘हू’. त्याचा अर्थ परस्पर, एकमेकांत अडकलेलं. दुसरी-तिसरी-चौथी रेषा खालचा ट्रायग्राम, तिसरी-चौथी-पाचवी वरचा. म्हणजे तिसरी आणि चौथी दोन्हीकडे मोजली जाते. दोन हातांची बोटं गुंफावीत तसं. 1924 च्या जर्मन भाषांतरात यासाठी ‘केर्न’, म्हणजे गर किंवा गाभा, हा शब्द आला आणि 1950 च्या इंग्रजी आवृत्तीत त्याचं ‘न्यूक्लिअर’ झालं. (मराठीत कुणी ‘अणु-हेक्साग्राम’ केलं नाही, हे नशीब.) त्या भाषांतरातही आतले ट्रायग्राम मुख्यतः रेषांचा अर्थ उलगडण्यापुरते येतात. पण ‘गाभा’ म्हटलं की वरचं ते टरफल आणि आतलं ते सत्य, असं मन आपोआप धरतं. ‘हू’मध्ये ही उतरंड नाही. भागीदारीच्या प्रश्नात हा फरक महागात पडतो.

एक कौल मांडून पाहू. प्रश्न: दोघांनी मिळून दुकान काढावं का? तीन नाण्यांच्या सहा फेकींची बेरीज खालून वर 8, 8, 6, 8, 7, 8. पाचवी रेषा अखंड, बाकीच्या तुटक, तिसरी बदलती, म्हणजे उलटून अखंड होणारी. हा हेक्साग्राम 8, ‘बी’, एकत्र येणं, प्रश्नाला चपखल. दुसरी, तिसरी, चौथी तिन्ही तुटक, म्हणजे पृथ्वी. तिसरी, चौथी तुटक आणि पाचवी अखंड, म्हणजे पर्वत. पृथ्वी खाली, पर्वत वर: हेक्साग्राम 23, ‘बो’, सोलवटून निघणं. त्याच्या पहिल्या रेषेत पलंगाचा पायाच कुरतडला जातो. जुळण्याच्या आत झिजणं! गाभा मानणारा इथेच निकाल देऊन मोकळा होतो.

पण थोडं थांबायला हवं. आतला हेक्साग्राम पहिली आणि सहावी रेषा सोडून देतो, म्हणून 64 पैकी फक्त 16 च आत सापडू शकतात आणि प्रत्येक चार ठिकाणी येतो. 23 हा 8 च्या आत आहे, तसाच 3, 20 आणि 42 च्या आतही आहे. 42 म्हणजे ‘वाढ’. तेव्हा ‘बो’ सापडला म्हणून भागीदारावर संशय घेणं चूक. या जोडीचं वेगळेपण सोडून दिलेल्या दोन रेषांतही असतं. याच कारणाने फक्त पहिली किंवा सहावी रेषा बदलती असेल तर बदललेल्या हेक्साग्रामच्या आतही तेच सापडतं. तिसरी किंवा चौथी बदलली तर मात्र आतले दोन्ही ट्रायग्राम बदलतात. आपल्या कौलात तिसरी बदलून 39, ‘अडथळा’, येतो आणि त्याच्या आत 64, म्हणजे अजून न संपलेलं काम. तिसऱ्या रेषेचं वचनही पाहायला हवं: चुकीच्या माणसांशी जुळणं. बदलत्या रेषेचं वचन ‘बो’च्या आधी वाचावं, कारण ते थेट याच कौलाचं आहे.

मांडताना सर्रास होणारी चूक म्हणजे दोन ट्रायग्रामची अदलाबदल. इथे तसं केलं तर 23 ऐवजी 15, ‘नम्रता’, मिळतो आणि सगळे खूश होतात. पडताळा सोपा आहे: आतल्या हेक्साग्राममध्ये दुसरी आणि चौथी रेषा सारखी, तिसरी आणि पाचवी सारखी असायलाच हवी. 15 मध्ये तिसरी अखंड आणि पाचवी तुटक, म्हणजे मांडणी चुकली. कौल वरून खाली लिहिल्याची चूक मात्र या पडताळ्यात सापडत नाही. 8 चा 7 होतो, आत 24 म्हणजे ‘परतणं’ दिसतं आणि रेषा नियमात बसतात. त्यासाठी पहिल्या फेकीपुढे ‘1’ लिहून ठेवणं हाच उपाय.

आख्खा हेक्साग्राम ‘हू’ म्हणून वाचण्याला बळ मिळालं ते ‘प्लम ब्लॉसम’ नावाच्या एका अंकपद्धतीतून. ती अकराव्या शतकातल्या एका विचारवंताच्या नावावर सांगतात, पण ते कर्तृत्व वादग्रस्त आहे. तिथे मूळ हेक्साग्राम सुरुवात, ‘हू’ मधला टप्पा, बदललेला शेवट. लपलेलं असं काही नाही. फक्त अजून घडायचं आहे. बदलती रेषा ज्या ट्रायग्राममध्ये नाही तो विचारणारा, जिथे आहे तो समोरचा. आपल्या कौलात विचारणारा पाणी, भागीदार पृथ्वी. पृथ्वी पाण्याला बांध घालते. आतले पृथ्वी आणि पर्वत दोन्ही भूमितत्त्वाचे, शेवटी 39 मधला खालचा पर्वतही तोच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत विचारणाऱ्यावर एकाच बाजूचा दाब. याच पद्धतीत हेक्साग्राम 1 आणि 2 ला ‘हू’ नाही असं मानतात, कारण त्यांच्या आत तेच निघतात. तिथे बदललेल्या हेक्साग्रामचा ‘हू’ घेतात.

ही पद्धत नाण्यांऐवजी वेळ किंवा अंकांवरून हेक्साग्राम काढते, म्हणून नाण्यांच्या कौलाला तिचे तत्त्वांचे नियम लावणं ही सरमिसळच. तरी एक कामाचा फरक हाती लागतो. गाभा म्हणून वाचलं तर उत्तर येतं, ‘हे नातं मुळातच झिजणारं आहे.’ टप्पा म्हणून वाचलं तर येतं, ‘मधल्या काळात पाया झिजेल,’ आणि मग भांडवल कुणाचं, सही कुणाची, हे दुकानाचं कुलूप उघडण्याआधी कागदावर आणता येतं.