हाउस कॉकटेलचे मेनूतील वर्णन

बारने स्वतः तयार केलेल्या मिश्र मद्यपेयाची, म्हणजेच हाउस कॉकटेलची, मेनूवर नावाखाली छापलेली दोन-तीन ओळींची ओळख. मोहितो किंवा मार्गारिटा यांसारख्या रूढ कॉकटेलची चव पाहुण्याला बहुधा आधीपासून ठाऊक असते. हाउस कॉकटेलचे नाव मात्र त्या बारबाहेर कोणी ऐकलेले नसते, त्यामुळे पेय मागवायचे की नाही हे पाहुणा जवळजवळ पूर्णपणे या ओळींवरूनच ठरवतो. अशा वेळी ‘क्लॅरिफाइड’, ‘फॅट-वॉश’, ‘श्रब’ किंवा ‘टिंक्चर’ हे काउंटरमागचे शब्द कुचकामी ठरतात, कारण ते पेय कसे केले ते सांगतात. पिणाऱ्याला हवे असते ते कसे लागेल याचे उत्तर.

परिभाषा वगळणे म्हणजे तिच्या जागी सोपा प्रतिशब्द ठेवणे नव्हे. ‘क्लॅरिफाइड’ऐवजी ‘नितळ केलेले’ असे लिहिले तरी पाहुण्याच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. प्रत्येक प्रक्रियेचा जिभेवर, नाकात आणि डोळ्यांना जो परिणाम जाणवतो तो शोधून लिहावा लागतो, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याने पेय स्वतः चाखलेले असणे आवश्यक आहे. केवळ कृती वाचून लिहिलेले वर्णन कसे फसते, हे दुधाने नितळ केलेल्या रमच्या पंचवरून स्पष्ट होते.

समजा, या पंचच्या कृतीत ६०० मिलि गडद रम, अननसाचा रस आणि कडक काळा चहा प्रत्येकी २५० मिलि, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक प्रत्येकी १५० मिलि आणि ३५० मिलि दूध आहे. इतर सर्व मिश्रण दुधात ओतले की लिंबाच्या आंबटपणाने दूध फाटते. त्याच्या गुठळ्यांतून हे मिश्रण सावकाश गाळले जाते आणि हाती फिकट सोनेरी, आरपार दिसणारे पेय येते. कृतीत कडक चहा पाहून लिहिणारा साहजिकच ‘चहाचा तुरटपणा’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात चहातील तुरट द्रव्ये आणि गडद रंगाचा बराचसा भाग दुधातील प्रथिनांना चिकटून गाळणीतच राहतो. पेयात चहाचा गंध उरतो, पण तुरटपणा फारच थोडा असतो. रमही गडद दिसत नाही. म्हणजे कृतीशी प्रामाणिक असलेले वर्णन ग्लासाशी खोटे ठरते.

चाखून लिहिलेले वर्णन असे होईल: ‘अननसाची गोडी, मागून काळ्या चहाचा गंध आणि घोट संपताना लिंबाची हलकी आंबट चव. दिसायला पाण्यासारखे नितळ, जिभेला रेशमी. छोट्या ग्लासात, बर्फाच्या एका मोठ्या तुकड्यावर. रम, लिंबू, दूध.’ यात चवी ज्या क्रमाने जाणवतात त्याच क्रमाने येतात, आणि हा क्रम पाहुण्याला ओळी वाचतानाच पहिला घोट घेतल्यासारखे वाटायला लावतो. ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ ही विशेषणे येथे जागा अडवतात. ती कोणत्याही पेयाला लावता येतात, म्हणून त्यांनी भूक चाळवत नाही. ग्लासाचा उल्लेख मात्र ठेवावाच. उंच ग्लासभर गार पेयाची अपेक्षा धरून बसलेल्या माणसासमोर चार घोटांचे पेय आले, तर ते उत्तम असूनही त्याचा हिरमोड होतो.

शेवटचा ‘दूध’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. पेय नितळ असल्याने त्यात दूध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही, पण दुधातील काही प्रथिने आणि लॅक्टोज गाळल्यानंतरही पेयात राहतात. दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते धोक्याचे असते. बदामापासून केलेले ‘ऑर्जा’ सरबत, फेसासाठी घातलेला अंड्याचा पांढरा भाग आणि शेंगदाण्याच्या तेलात मुरवून गाळलेले मद्य यांनाही हेच लागू होते: परिभाषेआड घटक लपतो, म्हणून बदाम, अंडे, शेंगदाणा असे सरळ लिहावे.

मोह घालताना मद्याचा जोरही झाकू नये. वरच्या प्रमाणात रम ४० टक्क्यांची धरली, तर पेयात सुमारे १४ टक्के मद्य येते, म्हणजे ते वाइनच्या आसपासचे ठरते; मात्र मऊपणामुळे ते सरबताइतके सौम्य भासते. अशा पेयाखाली ‘वाइनइतके कडक’ एवढे दोन शब्द पुरतात.

वर्णन फसल्याची खूण लवकर दिसते. पाहुणे मेनू वाचूनही वेटरला ‘हे गोड आहे का?’ असे विचारत राहतात, आणि वेटर प्रत्येक टेबलावर जवळपास एकच वाक्य सांगू लागतो. ते वाक्य बहुतेक वेळा छापलेल्या ओळींपेक्षा चांगले असते आणि पुढच्या छपाईत तेच घेणे योग्य ठरते.