फोटो पाठवताय? आधी फोनमधला ब्युटी मोड बघा

नमस्कार मंडळी. आपल्या त्वचेच्या दवाखान्यात फॉलोअपचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय आपण सुरू केली ती तुमची एक फेरी वाचावी म्हणून, आणि आता होतंय असं की फोटो येतो, आम्ही "परत काढा" म्हणतो, तुम्ही परत तसाच पाठवता, मग आम्ही परत तेच म्हणतो, आणि चौथ्या वेळी तुम्ही वैतागून विचारता की मॅडम फोटोत नक्की वाईट काय आहे, एवढा तर क्लिअर आलाय. तोच तर प्रॉब्लेम आहे ना, फारच क्लिअर आलाय.

एक किस्सा सांगते (पेशंटला विचारूनच सांगतेय). गालांवर वांग होता म्हणून एक ताई आल्या होत्या. त्यांना रात्री लावायची क्रीम दिली, ज्यात डाग फिका करणाऱ्या औषधासोबत थोडं स्टेरॉइड असतं, ती. अशी क्रीम साधारण 8 आठवड्यांच्या पुढे स्वतःच्या मनाने लावायची नसते, हे सांगितलं होतं, चिठ्ठीवर लिहिलंही होतं. ताई परत आल्या नाहीत, मेडिकलमधून ट्यूब मात्र आणत राहिल्या. पाच महिन्यांनी थेट सेल्फी आला, चेहरा एकदम नितळ, आणि खाली मेसेज, "डाग गेले, तीच ट्यूब चालू ठेवू ना?"

फोटो बघून कुणीही हो म्हटलं असतं. मी केसपेपर काढला म्हणून वाचले. त्यावर लिहिलेलं की डाव्या गालावर मोहरीएवढा तीळ आहे, आणि फोटोत डाव्या गालावर तीळच नाही. उजव्या गालावर मात्र त्याच जागी एक फिकट पुसटसा ठिपका. म्हणजे दोन गोष्टी झालेल्या. सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह झालेला (बऱ्याच फोनमध्ये होतो), आणि ब्युटी मोडने तीळ पुसलेला, मग त्याने अजून काय काय पुसलंय ते कुणाला माहीत. ताईंना बोलावून घेतलं. खिडकीपाशी बसवल्यावर दिसलं की दोन्ही गाल लाल, त्यात केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या, गालावरची लव वाढलेली, उन्हात गेलं की जळजळ. स्टेरॉइड जास्त दिवस लावल्याचा हा अगदी नेहमीचा परिणाम, आणि अशी क्रीम बंद केल्यावर पहिले काही आठवडे लाली उलट वाढते, त्यामुळे ते प्रकरण निस्तरायला बरेच महिने गेले. त्या दिवशी मी फोटोवर विश्वास ठेवून "चालू ठेवा" म्हटलं असतं तर?

आता हे होतं कसं ते थोडक्यात. ब्युटी मोड आधी चेहरा ओळखतो, मग डोळे, भुवया, ओठ अशा ठळक कडा तशाच ठेवतो आणि मधल्या कातडीवरचे बारीक फरक शेजारच्या रंगात मिसळून टाकतो. आम्हाला बघायचं असतं नेमकं तेच बारीक. तोंड बंद असलेल्या, कातडीच्याच रंगाच्या पुटकुळ्या, रोमछिद्रं, साल निघणं, त्या रक्तवाहिन्या, सगळं एक-दोन मिलिमीटरच्या आतलं, ते पहिलं गायब होतं. वांगासारखा मोठा डाग पूर्ण जात नाही, पण त्याची कड विरघळते आणि रंग उजळतो, म्हणून तुम्हाला वाटतं निम्मा गेला. वरून बरेच मोड चेहऱ्याला गोरा-गुलाबी रंग देतात, मग औषधाने आलेली लाली फोटोत "ग्लो" दिसते! लग्नाच्या फोटोला ठीक आहे हो, पण इथे त्याच्यावर औषधाचा डोस ठरतो.

"मी फिल्टर लावलेलाच नाही" हे आम्ही रोज ऐकतो आणि तुम्ही खोटं बोलत नसता. कितीतरी फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याला हा मोड विकत घेतल्यापासूनच चालू असतो. कॅमेऱ्यात Beauty, Beautify, Retouch असं काहीतरी लिहिलेलं किंवा जादूच्या काडीचं चित्र असेल, तिथे जाऊन सगळे आकडे शून्यावर आणा. मग एक फोटो काढून मोठा करून बघा. भुवईचा केस न् केस सुटा दिसतोय पण गालावरची लव अजिबात नाही, किंवा कान-मान एका रंगाचे आणि गाल दुसऱ्याच रंगाचा, तर मोड अजून चालूच आहे.

आणि तो बंद केला म्हणजे काम झालं असंही नाही. उजेड कमी असला की फोटोत दाणे-दाणे येतात, ते घालवायला फोन स्वतःहूनच सगळं सारवतो, रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला गाल वॉटरकलरने रंगवल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. ह्याला सेटिंग नाही, भरपूर उजेड हाच उपाय. म्हणून आम्ही सारखं सांगतो की सकाळी 9 ते 11 मध्ये खिडकीकडे तोंड करून बसा, थेट ऊन नको, फ्लॅश नको, आणि फोटो मागच्या कॅमेऱ्याने, घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा. फोन चेहऱ्याला चिकटवू नका. वीतभराच्या आत आणलं की बरेच कॅमेरे नीट फोकस करत नाहीत, काही तर गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातात. हातभर लांबून दुप्पट झूम करा, गालावर बोट टेकवून फोकस होऊ द्या, मग काढा. समोरून एक, डावी बाजू एक, उजवी एक, बास. हनुवटीखाली साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला तर फारच छान, कागद पिवळा दिसला की आम्हाला कळतं गालही तेवढाच पिवळा आलाय. (कागदाने ब्युटी मोड पकडला जात नाही, फक्त रंगाचा अंदाज येतो.)

पाठवताना फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो छोटा करतं. अटॅचमधून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. स्क्रीनशॉट नको, आणि व्हिडिओ कॉलवर "आत्ताच बघा ना" हे तर नकोच नको, त्यात फोटोएवढंही दिसत नाही.

काही जण म्हणतात दुसरीकडे एका सेल्फीवर लगेच औषध सांगतात, तुमचेच नखरे फार. असेल. पण आम्ही पहिल्या भेटीत त्याच खुर्चीवर, त्याच लाइटमध्ये, त्याच अंतरावरून तुमचा फोटो काढून ठेवतो ते तुलना करता यावी म्हणून, आणि त्याच्याशेजारी ब्युटी मोडवाला सेल्फी ठेवला तर प्रत्येकच पेशंट बरा झालेला दिसतो, आमचीच जाहिरात फुकटात होते, पण उपयोग काय त्याचा.

फोटो परत मागवला तर त्याचे वेगळे पैसे नाहीत, फॉलोअपची फी फोटो बघण्यासारखा आला की एकदाच. तीळ वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय किंवा क्रीम लावल्यावर चेहरा सुजलाय, तर फोटोच्या भानगडीत पडूच नका, सरळ या. आणि सेटिंग सापडत नसेल तर पुढच्या वेळी येताना फोन रिसेप्शनवर दाखवा, दोन मिनिटांत बंद करून देतात, आमचे पेशंट नसलात तरी.