स्पेसबार एकाच बाजूने का अडकतो?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाऊजींचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या ऑफिसातला कीबोर्ड घेऊन भाची आली. "मामा, स्पेस मधोमध दाबली तर चालते, डावीकडे दाबली की रुसून खालीच बसते." आदल्या दिवशी कुणीतरी सुरीने स्पेसबार उचकटून आत साचलेले सुताचे तंतू झाडले होते. तिथेच निम्मं निदान झालं.

स्पेसबार जवळपास बारा सेंटिमीटर लांब, पण त्याला वर ढकलणारी रबरी टोपी मधोमध एकच. टोकाला बोट पडलं की पट्टी तिरकी होते आणि मधला दांडा खोबणीत अडकतो, एका कडेनं ओढलेला ड्रॉवर अडकतो तसा. हे टाळायला पट्टीखाली स्टीलची तार असते, दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली. तारेचा लांब भाग पट्टीच्या खाचांत फिरतो आणि टोकं कीबोर्डच्या बुडावरच्या हुकासारख्या आकड्यांत बसतात. डावी बाजू खाली गेली की अख्खी तार फिरते आणि उजवीलाही खाली नेते. तराजूचं बरोबर उलट: इथं दोन्ही पारडी एकदमच खाली जातात.

कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची केबल काढली. दोन जाड दोऱ्यांचे फास पट्टीच्या दोन्ही टोकांखाली सरकवून हळूहळू समान उचललं. मधला दांडा सुटल्यावर झटका द्यायचा नाही. तार अजून आकड्यांत असते, ती सरकवूनच सोडवायची. सुरीनं एकच बाजू उचकटली, तर मोडतो तो आकडाच. आमचे आकडे शाबूत निघाले, फक्त डावं टोक बाहेर आलं होतं. तार काचेवर ठेवली तर एक टोक केसभर अधांतरी! पकडीनं ते सरळ केलं. वाकडी तार पट्टीला कायम तिरकी धरते.

बसवताना आधी तार पट्टीच्या खाचांत, मग दोन्ही टोकं आकड्यांत, आणि शेवटी मधोमध अंगठ्यानं दाब. 'टक्' झालं की बसलं. तारेच्या टेकूंवर टाचणीच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस लावलं. खोबरेल नको, त्यावर सूत चिकटतं.

आकडा मोडला असता तर फेविक्विकचा उपयोग नव्हता: ओघळ तारेलाच चिकटवतो, आणि जोड रोजचा ताण सोसत नाही. पट्टीची खाच मोडली तर मात्र त्याच मॉडेलच्या बंद कीबोर्डमधली पट्टी चालते; दुसऱ्या मॉडेलची लांबी जुळली तरी खाचा जुळतीलच असं नाही. लॅपटॉपच्या बटणांखाली बहुधा कात्रीसारखा नाजूक सांगाडा असतो, तिथे ही दोऱ्याची युक्ती आंधळेपणानं वापरू नका.

भाचीनं डावं टोक, मध्य, उजवं टोक असं दहा-दहा वेळा दाबून पाहिलं. तिन्हीकडे आवाज सारखा आला, पट्टी प्रत्येक वेळी वर आली. "आता सुरी कपाटात ठेवायला सांगते," म्हणाली.