‘की’ दिसला की नामवाक्य?

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत एक तक्ता फार फिरतो. ‘की’ दिसला की नामवाक्य, ‘जो’ दिसला की विशेषणवाक्य, ‘जेव्हा’ दिसला की क्रियाविशेषणवाक्य. तक्ता पाठ करायला सोपा आहे, आणि सोप्या वाक्यांवर चालतोही. पण त्याच्या पहिल्याच ओळीत गडबड आहे. ‘की दिसला की नामवाक्य’ यातला दुसरा ‘की’ नामवाक्य जोडतच नाही. तिथे तो ‘दिसताक्षणी’ या अर्थाने आला आहे, म्हणजे त्याने जोडलेले गौण वाक्य कालवाचक क्रियाविशेषणवाक्य आहे. नियम सांगता सांगताच मोडला.

एकटा ‘की’ किती कामे करतो ते पाहू. ‘तिने सांगितले की बस चुकली’ इथे नामवाक्य. ‘घंटा वाजली की मुले पळतात’ इथे क्रियाविशेषणवाक्य. ‘तो इतका दमला की बसल्याबसल्या झोपला’ इथे पुन्हा क्रियाविशेषणवाक्य, पण परिणाम दाखवणारे. ‘चहा हवा की कॉफी?’ इथे गौण काहीच नाही, कारण हा ‘की’ म्हणजे निव्वळ ‘किंवा’. मग जोडशब्दावरून निर्णय कसा करणार? त्याच्याकडे पाहायचेच नाही. गौण वाक्य कशाने सुरू होते यापेक्षा मुख्य वाक्यात त्याच्यासाठी कोणती जागा राखून ठेवली आहे, हे शोधायचे. या राखीव जागेला आपण खुंटी म्हणू.

मराठीची गंमत अशी की ही खुंटी बहुतेकदा उघड दिसते. ही तीन वाक्ये घ्या.

‘नदी कुठे वळते हे मला माहीत आहे.’
‘नदी जिथे वळते ते ठिकाण मला माहीत आहे.’
‘नदी जिथे वळते तिथे देऊळ आहे.’

नदीच्या वळण्याची माहिती तिन्हींत जवळपास तीच, पण खुंट्या वेगळ्या. पहिल्या वाक्यात खुंटी ‘हे’. ती सर्वनाम आहे, म्हणजे नामाची जागा, म्हणून तिच्यावर टांगलेले ते नामवाक्य. दुसऱ्यात खुंटी ‘ते ठिकाण’. कोणते ठिकाण, याचे उत्तर गौण वाक्य देते, म्हणून ते विशेषणवाक्य. तिसऱ्यात खुंटी ‘तिथे’, म्हणजे स्थळवाचक क्रियाविशेषण, म्हणून ते क्रियाविशेषणवाक्य. ‘जिथे’ दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात सारखाच आहे. तक्ता घेऊन बसलेला विद्यार्थी दोन्हींना स्थळवाचक क्रियाविशेषणवाक्य म्हणेल आणि दुसऱ्यात चुकेल.

अशीच फसवी जोडी बातमीची. ‘जी बातमी त्याने दिली ती खोटी निघाली’ आणि ‘धरण फुटले ही बातमी खोटी निघाली’. पहिल्यात अनेक बातम्यांतली एक वेगळी काढली आहे, म्हणून ते विशेषणवाक्य. दुसऱ्यात ‘धरण फुटले’ हाच बातमीचा मजकूर आहे, म्हणून ते नामवाक्य, ‘बातमी’ला समानाधिकरण. फरक खुंटीच्या पहिल्या अक्षरातही दिसतो. मजकूर सांगणारे नामवाक्य सहसा ‘हा, ही, हे’ किंवा ‘असा, अशी, असे’ यांवर टांगले जाते आणि विशेषणवाक्य ‘तो, ती, ते’ यांवर. याला एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. ‘तो कुठे गेला ते मला माहीत नाही’ यात खुंटी ‘ते’ असली तरी गौण वाक्य नामवाक्यच आहे. गौण वाक्यात कोण, कुठे, का असा प्रश्नवाचक शब्द असेल, तर ‘ते’ला ‘हे’च समजायचे.

आता प्रश्न येईल की जोडशब्द सोडून खुंटीच का धरायची. कारण साधे आहे. मराठीत ज-शब्द सहज गळतो, खुंटी सहसा गळत नाही. ‘पाऊस थांबला तेव्हा निघालो’ यात ‘जेव्हा’ नाही. ‘पाऊस आला तर’ यात ‘जर’ नाही, ‘आला तरी’ यात ‘जरी’ नाही. ‘वाटेल ते बोलू नकोस’, ‘म्हणशील तसे करू’, ‘जाईल तिथे भांडतो’ या सगळ्यांत गौण वाक्याला सुरुवातीचा शब्दच नाही. उलट करून पाहा: ‘जेव्हा पाऊस थांबला निघालो’ हे कानाला लगेच खटकते. जुन्या पत्रांत ‘विनंती ऐसीजे’ असे येते, तिथेही ‘ऐसी’ ही खुंटी आणि ‘जे’ हा आजच्या ‘की’चा पूर्वज आहे, वंशाने नव्हे, कामाने. आजचा ‘की’ फारसीतून आला. तो आला, रुळला, पण ‘अशी’ जागेवरच राहिली. आपण अजूनही ‘विनंती अशी की’ असेच लिहितो.

खुंटी दिसत नसेल तर घालून पाहायची. ‘तिने (असे) सांगितले की बस चुकली’ यात ‘असे’ बसते, म्हणून नामवाक्य. ‘घंटा वाजली की (लगेच) मुले पळतात’ यात ‘लगेच’ बसते, ‘असे’ बसत नाही, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. ‘चहा हवा की कॉफी’ यात काहीच बसत नाही, पण ‘की’च्या जागी ‘किंवा’ चालतो.

या व्यवस्थेतली सगळ्यात देखणी गोष्ट शाळेच्या पुस्तकात क्वचितच येते. एकाच गौण वाक्यात दोन ज-शब्द येऊ शकतात आणि ते एकाच वेळी दोन खुंट्यांवर अडकतात.

‘ज्याने जे पेरले, त्याला ते मिळाले.’

क्रियापदे दोन, म्हणून वाक्ये दोनच. गौण वाक्य ‘ज्याने जे पेरले’. ते कोणाचे विशेषण? ‘त्याला’चे आणि ‘ते’चेही. सोपानने ज्वारी पेरली, गणूने तूर. वाक्य सांगते की सोपानला ज्वारी मिळाली आणि गणूला तूर. माणूस आणि पीक यांची जोडी फुटत नाही. आता ‘त्याला’ला वेगळे विशेषणवाक्य आणि ‘ते’ला वेगळे, अशी फोड केली तर ही जोडीच हरवते, आणि सोपानला तूर मिळाली तरी वाक्य खरे ठरेल. म्हणजे हे गौण वाक्य एका नामाला चिकटलेले विशेषण नव्हे. ते मुख्य वाक्याच्या बाहेर, दारात उभे आहे आणि आतल्या दोन्ही रिकाम्या जागा जोडीने भरते आहे. भाषाशास्त्रज्ञ वेनीता दयाल यांनी 1991 मध्ये हिंदीच्या ‘जो-वो’ वाक्यांवरून याच प्रकारची मांडणी केली: पुढे येणारे जो-वाक्य नामाशी नव्हे, तर सबंध मुख्य वाक्याशी जोडलेले असते. इंग्रजीत नामामागून येणाऱ्या विशेषणवाक्याला हे दुहेरी काम जमत नाही, म्हणून अशा मराठी वाक्याचे इंग्रजी भाषांतर करताना ओढाताण होते. (यावरून ‘आपली भाषा जगात सर्वांत तर्कशुद्ध’ असा संदेश पुढे ढकलण्याची घाई करू नये. लॅटिनमध्ये आणि हंगेरियनमध्येही अशा जोड्या आहेत.)

पृथक्करणाच्या तक्त्यात मग काय लिहायचे? ‘त्याला’ आणि ‘ते’ या दोन्ही पदांचे विशेषणवाक्य. एकच पद लिहिले तर उत्तर अर्धे राहते.

आता एक लांब वाक्य पूर्ण सोडवू.

‘ज्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते ती बुजवायची नाही असे गावाने ठरवले, पण ठेकेदाराला ते कोणी सांगितलेच नाही, म्हणून पावसाळा सुरू झाला तेव्हा तिच्यात मुरुमाचे ढिगारे पडलेले होते.’

आधी पूर्ण क्रियापदे मोजा: असते, बुजवायची नाही, ठरवले, सांगितलेच नाही, सुरू झाला, पडलेले होते. सहा. ‘पडलेले’ आणि ‘होते’ मिळून एक. म्हणून वाक्ये सहा. ‘आटलेली विहीर’ किंवा ‘पाऊस पडताच’ अशी रूपे असती तर ती मोजली नसती, कारण त्यांत पूर्ण क्रियापद नाही.

मग खुंट्या शोधा. ‘असे’ ही ‘ठरवले’च्या कर्माची जागा आहे, म्हणून ‘ती बुजवायची नाही’ हे नामवाक्य. ‘ती’ ही खुंटी या नामवाक्याच्या पोटात आहे, म्हणून ‘ज्या विहिरीला पाणी असते’ हे विशेषणवाक्य मुख्य वाक्यावर नव्हे, तर नामवाक्यावर अवलंबून आहे. इथे सर्वांत जास्त गुण जातात. गौण वाक्य दिसले की ते थेट मुख्य वाक्याखाली लिहायची सवय असते. ‘तेव्हा’वर ‘पावसाळा सुरू झाला’ हे क्रियाविशेषणवाक्य टांगले आहे, ‘जेव्हा’ गळलेला आहे. उरली तीन मुख्य वाक्ये: गावाने ठरवले, कोणी सांगितले नाही, ढिगारे पडलेले होते. ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांनी ती जोडली आहेत.

दोन सापळे. ‘ठेकेदाराला ते’ यातला ‘ते’ खुंटीसारखा दिसतो, पण त्याच्यावर काही टांगलेले नाही. तो मागच्या वाक्यातल्या गोष्टीकडे बोट दाखवणारे साधे सर्वनाम आहे. खरी खुंटी असेल तर तिचे गौण वाक्य काढून टाकल्यावर मुख्य वाक्य लटके पडते. इथे ‘पण’आधीचे सगळे वेगळ्या वाक्यात पूर्णविराम देऊन लिहिले तरी काही बिघडत नाही.

दुसरा सापळा ‘म्हणून’. ‘शेत विकले, म्हणून पैसे आले’ असे थांबून वाचले तर दोन्ही मुख्य वाक्ये. ‘शेत विकले म्हणून, पैसे आले’ असे वाचले तर पहिले कारण सांगणारे गौण वाक्य. ‘मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून त्यांनी शेत विकले’ यात ‘व्हावी’ हे रूपच हेतू सांगते, तिथे पहिले वाक्य गौणच. आणि ‘मी येतो म्हणून त्याने सांगितले’ यात नामवाक्य. विरामचिन्ह नसलेल्या प्रश्नात नेमके कोणते वाचन अभिप्रेत आहे, हे वाक्यावरून नेहमी ठरत नाही.

क्रियापद मोजण्याची पद्धतही म्हणींपाशी अडते. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ यात पूर्ण क्रियापदे शून्य, तरी वाक्ये दोन. ‘आहे’ दोनदा गळला आहे, आणि पृथक्करणात तो कंसात लिहावा लागतो. ‘तो’वर टांगलेले ‘ज्याच्या हाती ससा (आहे)’ हे विशेषणवाक्य.

‘दिसतं तसं नसतं’ मात्र खरोखर अवघड आहे. ‘जसा-तसा’च्या यादीवरून रीतिवाचक क्रियाविशेषणवाक्य असे उत्तर मिळते. पण ‘ती बोलते तशी वागते’ यातला ‘तशी’ काढला तरी ‘ती वागते’ उरते; ‘तसं नसतं’ यातला ‘तसं’ काढला तर नुसते ‘नसतं’ उरते आणि अर्थच जातो. हा ‘तसं’ क्रियेची रीत सांगत नाही, तो विधानपूरक आहे, ‘गोड नसतं’ यातल्या ‘गोड’सारखा. खुंटीच्या हिशेबाने त्यावरचे ‘दिसतं’ हे विशेषणवाक्याच्या जवळ जाते.