अभंगाचा शेवट आणि नाममुद्रेचे माप

अभंगाचे मूळ ओवीत आहे. 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड असतो, पण अक्षरांची संख्या ठरलेली नसते. अभंगाने ती ठरवली. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात, जसे ‘जे का रंजले गांजले’.

अभंगाच्या शेवटच्या कडव्यात संतकवी आपले नाव गुंफतो, तीच नाममुद्रा. या मापात ती कशी बसवायची, हे पाहण्यासाठी तुकोबांच्या ‘सुंदर तें ध्यान’ या अभंगाचे शेवटचे कडवे घेऊ:

तुका म्हणे माझें । हेंचि सर्व सुख ।
पाहीन श्रीमुख । आवडीनें ॥

‘तुका म्हणे’ची अक्षरे चार. सहातली दोन उरतात, तिथे ‘माझें’ येते, आणि ते पुढच्या ‘सुख’ला जोडलेले असल्यामुळे गाणारा चरणावर थांबला तरी अर्थ पुढे ओढत राहतो. मग ‘सुख’-‘मुख’ हे यमक, आणि चार अक्षरांवर विसावा. ‘म्ह’ किंवा ‘श्री’ ही जोडाक्षरे एकेकच धरायची. ‘सुख’ मात्र आपण बोलतो तसे ‘सुख्’ मोजले तर चरण एका अक्षराने आखूड पडतो. गाताना शेवटचा ‘ख’ पुरा उच्चारला जातो. नव्याने अभंग लिहिणाऱ्यांचे माप बहुधा इथेच चुकते.

‘नामा म्हणे’ आणि ‘जनी म्हणे’ हीसुद्धा चार अक्षरे. ‘ज्ञानदेव म्हणे’ सहा, म्हणजे पहिला चरण नावातच संपतो. एकनाथांनी गुरू जनार्दनस्वामींचे नाव आपल्या नावाला जोडले, आणि ‘एका जनार्दनीं’ नेमकी सहा अक्षरे झाली. मला सगळ्यात धीट वाटते ती चोखोबांची मुद्रा: ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. इथे ‘म्हणे’ नाहीच. नाव थेट विधानाचा कर्ता होते आणि ज्याला लोक वाकडा म्हणतात तोच उत्तर देतो. या अभंगात आखूड चौथा चरणही नाही, ‘वरलिया रंगा’ सहाचाच आहे. माप गाण्याच्या सोयीने थोडे सैल होत असे.

अभंग तोंडोतोंडी आणि कीर्तनातून पसरले, तेव्हा रचना कोणाची हे मुद्रेवरूनच ओळखले जाई. पण मुद्रा कुणालाही लावता येते. नामदेवांनंतर विष्णुदास नामा होऊन गेले. त्यांच्या रचनाही ‘नामा’ याच नावाने नामदेवांच्या गाथ्यात मिसळल्या, आणि त्या वेगळ्या काढताना संपादकांना भाषा आणि जुन्या पोथ्या तपासाव्या लागल्या.