एलटीएची रक्कम आणि एलटीएची सूट: पुढे नेमकं काय जातं?

पगाराच्या चिठ्ठीत एलटीए, म्हणजे रजा प्रवास भत्ता, दिसतो आणि त्यावर कर लागत नाही असं बरेच जण धरून चालतात. मग मार्चच्या पगारातून कर कापला गेला की पेरोलवाल्यांना फोन जातो. गोंधळाचं मूळ असं, की एलटीएची रक्कम आणि एलटीएवरची करसूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही ‘पुढे नेता येतात’ असं म्हणतात, पण पुढे जाणारी वस्तू एक नसते.

रक्कम कंपनीच्या हातात असते. तुमच्या सीटीसीत वर्षाला ४०,००० रुपये एलटीए असेल तर तो तुमचा पगारच आहे, फक्त त्याला वेगळं नाव दिलंय. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. न वापरलेली रक्कम मार्चमध्ये कर कापून हातात द्यायची की पुढच्या वर्षाच्या रकमेत मिळवायची, हे कंपनीचं धोरण ठरवतं.

सूट कायद्याच्या हातात असते, आणि कायदा प्रवास मोजतो. चार कॅलेंडर वर्षांचा एक ब्लॉक, जानेवारी ते डिसेंबर धरून: २०२२ ते २०२५ आणि त्यानंतर २०२६ ते २०२९. एका ब्लॉकमध्ये दोन प्रवासांना सूट. ब्लॉकमध्ये दोन्ही प्रवास झाले नाहीत तर त्यातला एकच पुढच्या ब्लॉकच्या पहिल्या वर्षात करता येतो. म्हणजे २०२२-२५ मधला उरलेला प्रवास २०२६ च्या डिसेंबरपर्यंत करायचा. तो नव्या ब्लॉकच्या दोन प्रवासांत धरला जात नाही.

दावा न केलेली रक्कम करपात्र का होते, हेही यातूनच कळतं. भत्ता मुळात करपात्र पगार. रजा घेऊन भारतात प्रवास केला आणि भाडं भरलं, तर तेवढा भाग कायदा वगळतो. प्रवासच नाही तर वगळायचं काय? हा दंड नव्हे, पगारावरचा नेहमीचाच कर आहे. नवी करप्रणाली घेतली असेल तर मात्र प्रवास करूनही ही सूट नाही.

एक हिशेब पाहू. पुण्यातल्या एका नोकरदार बाईंनी जुनी करप्रणाली घेतली आहे, टप्पा २० टक्क्यांचा, सेससह २०.८. एलटीए वर्षाला ४०,०००. २०२२-२५ मध्ये त्यांनी एकच प्रवास दाखवला. २०२४-२५ मध्ये त्या कुठे गेल्या नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये नवरा आणि मुलीसह जयपूरला गेल्या: इकॉनॉमीचं जाण्यायेण्याचं विमानभाडं तिघांचं मिळून ४६,५००, हॉटेल २१,०००, तिथली टॅक्सी ७,५००. खर्च ७५,००० झाला, तरी करात सूट देताना फक्त भाड्याचे ४६,५०० धरले जातात.

कंपनी दर मार्चला रक्कम देऊन टाकत असेल, तर २०२४-२५ चे ४०,००० करपात्र झाले आणि ८,३२० रुपये कर गेला. २०२५-२६ मध्ये भाडं ४६,५०० असलं तरी सूट ४०,००० ची, कारण मिळालेल्या भत्त्यापेक्षा जास्त सूट नाही. कंपनी रक्कम पुढे नेत असेल, तर खात्यात ८०,००० जमले, ४६,५०० करमुक्त झाले आणि उरलेले ३३,५०० हातात घेतले तर त्यांवर ६,९६८ रुपये कर. फरक १,३५२ रुपयांचा. फार नाही, पण फुकट का सोडायचा?

आता तारीख बघा. जानेवारी २०२६ कंपनीसाठी २०२५-२६ चाच भाग, पण कायद्यासाठी नवा ब्लॉक. बाईंचा जुन्या ब्लॉकमधला एक प्रवास शिल्लक आहे, म्हणून दाव्यात ‘मागील ब्लॉकमधून आणलेला प्रवास’ अशी नोंद करायला हवी. ती राहिली तर नव्या ब्लॉकमधला एक प्रवास विनाकारण खर्ची पडतो. ही चूक सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

दावा फेटाळला जातो तो बहुतेक वेळा ठरावीक कारणांनी. टूर कंपनीच्या बिलात भाडं वेगळं दाखवलेलं नसतं. बुकिंगच्या वेळीच तसं वेगळं बिल मागून घ्यावं. आईवडिलांना एकटं पाठवलेलं असतं. सूट मिळायला कर्मचारी स्वतः सोबत हवा, आणि आईवडील, भाऊ-बहीण त्याच्यावर अवलंबून हवेत. तिकीट असतं पण बोर्डिंग पास फेकलेला असतो. आणि वाटेत तीन गावं फिरून आलं तरी हिशेब सर्वांत जवळच्या मार्गाचाच होतो. रेल्वेने गेल्यास कमाल मर्यादा त्या मार्गाच्या एसी फर्स्ट क्लासच्या भाड्याची.

पुरावे द्यायची कंपनीची मुदत, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतली, हुकली तर रकमेवर कर कापला जातो, पण सूट बुडत नाही. विवरणपत्र भरताना पगाराच्या तपशिलात ती सूट स्वतः मागता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. फॉर्म १६ मध्ये ती दिसणार नाही, त्यामुळे विभागाकडून विचारणा होऊ शकते. तिकिटं, बोर्डिंग पास आणि रजा मंजुरीचा ईमेल तेवढे जपून ठेवा.