थोडी बाकी ठेवली तर नव्या खरेदीलाही व्याज?

‘दादा, क्रेडिट कार्डाच्या बिलातले पाच हजारच मागे ठेवलेत. व्याज तेवढ्यावरच लागेल ना? नव्या खरेदीला तर पन्नास दिवस मोकळे असतात.’

नाही. ते बिनव्याजी दिवस आधीचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळतात. बाकी राहिली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. ‘मिनिमम ड्यू’ भरल्याने फक्त लेट फी टळते, ही सवलत टिकत नाही.

आमच्या नौपाड्यातल्या शेजाऱ्यांचंच बघा. बिल ५ जूनला निघालं, २०,००० चं. शेवटची तारीख २५ जून. त्यांनी १५,००० भरले आणि २६ तारखेला गोखले रोडवरून १२,००० चा मिक्सर कार्डावर घेतला. व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे मिक्सरवर रोजचे साधारण १४ रुपये. २५ जुलैला सगळं चुकतं करेपर्यंत २९ दिवसांचे ४०० झाले, वर १८ टक्के जीएसटीचे ७२. मागच्या बाकीचं व्याज वेगळंच. बिल पूर्ण भरलं असतं, तर मिक्सरवर एक पैसाही लागला नसता.

मला वाईट याचं वाटतं, की हे दुकानात कळतच नाही. बिलात ‘फायनान्स चार्जेस’ची ओळ दिसली की समजा, सवलत गेलेली आहे. मग ‘टोटल ड्यू’ पूर्ण भरेपर्यंत किराणासुद्धा त्या कार्डावर घेऊ नका, यूपीआयने द्या. आणि पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज येऊ शकतं. ते बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. तेही भरून टाका.